एका कुकरात वरण, भात आणि वांग्याची घोटलेली भाजी: तीन डबे एकदम नीट कसे शिजवायचे

कुकरला तीन डबे लावणं आपल्याकडे बहुतेक घरांत चालतं, पण तीनही डबे एकदम बरोबर शिजले असं रोज होत नाही. कधी डाळ अख्खी राहते, कधी डाळीसाठी दोन शिट्ट्या जास्त दिल्या की भाताचा गोळा होतो, आणि भाजी तर बिचारी लगदाच होऊन बाहेर येते. याचं कारण एकच आहे, कुकर तिन्ही डब्यांना सारखाच वेळ आणि सारखीच उष्णता देतो आणि आपण आत तीन वेगवेगळ्या वेळेच्या वस्तू ठेवतो. म्हणून जे काय जुळवायचं ते गॅस पेटवायच्या आधी जुळवायचं, डाळीचा वेळ कमी करायचा, भाताचं पाणी बसवायचं आणि भाजी अशी निवडायची की जिला जास्त शिजण्याचं दुःख नाही. एकदा झाकण लागलं की मग आपल्या हातात फक्त आच राहते.

भाजी म्हणून मी इथे वांग्याची घोटलेली भाजी घेतलीय, कारण कुकरच्या डब्यासाठी आपल्या खान्देशात याहून सोयीची भाजी मला तरी दिसत नाही. तिला शेवटी घोटायचंच असतं, त्यामुळे वांगं दहा मिनिटं शिजलं काय आणि बारा मिनिटं शिजलं काय, काही बिघडत नाही. भेंडी, गवार, मेथी, पोकळा हे डब्यात ठेवू नका, रंग जातो, चव जाते आणि मेथी-पोकळा तर कढईत पाच-सात मिनिटांत होतो, त्याला कुकरात कोंडून काय मिळवायचं. गिलकं-दोडकं पण कढईतलंच बरं, ते स्वतःचंच इतकं पाणी सोडतं की डब्यात नुसतं पाणचट होतं. आलू मात्र चालतात, सालासकट अख्खे किंवा अर्धे करून, आणि गंगाफळ चालतं पण फोडी मोठ्या आणि सालासकट ठेवायच्या. आणि बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, भरीत यात होत नाही. वाफवलेल्या वांग्याला पऱ्हाटीच्या जाळावर भाजल्याचा वास कुठून येणार, भरताचं वांगं भाजूनच घ्यायचं.

आता माप. चार माणसं, सोबत भाकरी किंवा पोळी आहे, पाच लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे तीन डबे असं धरू. वाटी म्हणजे आपली साधी आमटीची वाटी, साधारण १५० मिलिलिटरची. तांदूळ दीड वाटी, तुरीची डाळ पाऊण वाटी, हिरवी वांगी ३०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या पाच-सहा (तिखट कसं खाता त्यावर), लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर शेंगदाणे, कोथिंबीर. तीन लिटरचा कुकर असेल तर तीन डबे कोंबू नका, डाळ आणि भात दोनच लावा आणि भाजी बाहेर करा, कारण वरचा डबा झाकणाला टेकला तर वाफ जायची वाटच अडते. वरच्या डब्याच्या आणि झाकणाच्या मध्ये दोन बोटं जागा पाहिजेच.

सगळ्यात जास्त लक्ष डाळीकडे द्या कारण उशीर तीच लावते. आपल्याकडे बऱ्याच घरांत वर्षाची डाळ एकदम भरून ठेवतात आणि कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात लावतात. अशी डाळ आधी कोमट पाण्यात चोळून दोन-तीनदा धुवायची, तेलाचा थर गेला की पाणी आत जातं. मग अर्धा तास भिजत घालायची. थंडीत तास-पाऊण तास ठेवली तरी चालते, आणि घाई असेल तर कडक गरम पाण्यात वीस मिनिटं. भिजली की नाही ते बघायचं असेल तर एक दाणा नखाने दाबा, नख सहज आत गेलं आणि दाणा मधून तुटला की झालं, मध्ये पांढरा कडक ठिपका लागला तर अजून थांबा. डाळ जितकी जुनी तितकी ती हट्टी, वर्ष उलटलेल्या डाळीला अर्ध्या तासाऐवजी तासभर द्या.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, बादलीला आणि गिझरला पांढरा थर बसतो ते तेच. त्या पाण्यातला चुना डाळीच्या पेशींना धरून ठेवतो आणि डाळ कितीही शिजवा, दाणा दाणाच राहतो, मग लोक डाळीला शिव्या घालतात. डाळ भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी वापरा, फिल्टरचं किंवा नळाचं, एवढ्यानेच खूप फरक पडतो. सोडा घालून डाळ मऊ करतात काही जण, होते मऊ, पण चव बिघडते, डाळ बुळबुळीत होते आणि त्यातलं जीवनसत्त्वही जातं, त्यामुळे मी तरी नको म्हणेन. चिंच, आमसूल, टोमॅटो यातलं काहीच आधी टाकू नका, आंबट लागलं की डाळ शिजायला नकार देते, ते सगळं नंतर फोडणीत. हळद, हिंगाची चिमूट आणि तेलाचे चार-पाच थेंब मात्र आधीच टाका. तेलामुळे फेस कमी येतो, आणि डब्यातली डाळ उतू जाते ती या फेसामुळेच.

भिजलेल्या पाऊण वाटी डाळीला दोन वाट्या पाणी. डबा अर्ध्याच्या वर जाता कामा नये, डाळ फेसाळून वर येते तेव्हा तिला ती जागा लागते. आधीच पातळ वरण हवं म्हणून चार वाट्या पाणी ओतलं तर दोन त्रास होतात, एक तर डबा उतू जातो आणि दुसरं म्हणजे एवढं पाणी तापण्यातच वेळ जातो. घट्टच शिजवायची आणि घोटून झाल्यावर गरम पाणी घालून पातळ करायची.

भाताचं गणित सोपं आहे पण उघड्या पातेल्यातलं माप इथे चालत नाही. पातेल्यात बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं, डब्यात झाकण असल्यामुळे ते उडत नाही, सगळं तांदळातच मुरतं. जुना कोलम असेल तर एकाला दोन, म्हणजे दीड वाटीला तीन वाट्या, नवा तांदूळ असेल, मग तो नवापूरकडचा असो की अजून कुठला, तर सव्वादोन ते अडीच वाट्याच घाला नाहीतर चिखल होतो. तांदूळ धुऊन दहा मिनिटं ठेवला तरी पुरे, अर्धा तास भिजवू नका कारण आपल्याला भाताला डाळीच्या पुढे पळू द्यायचं नाहीये. डाळ भिजवायची आणि तांदूळ जवळजवळ कोराच ठेवायचा, यातूनच दोघांचा वेळ एका ठिकाणी येतो. डब्यावर झाकण ठेवायचंच. कुकरच्या झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन खाली टपकते आणि उघड्या भातावर पडली की वरचा थर गिजगा होतो.

वांग्याचे देठ काढून मोठे तुकडे करायचे, चार-चार फोडी पुरे, बारीक चिरण्यात वेळ घालवू नका. चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात टाकायचं, काळं पडत नाही. डब्यात घालताना पाणी निथळून घ्या, मिरच्यांना एक-एक चीर द्या (अख्खी मिरची दाबाखाली फुटली तर बी सगळीकडे उडतं), थोडं मीठ, आणि चार चमचे पाणी, बस. फोडी डब्याच्या काठोकाठ भरल्या तरी चालतं कारण वांगं शिजून बसतं. लसूण आत्ता टाकायचा नाही, त्याचा वास वरून खाली सगळीकडे जातो आणि भाताला लागतो, लसूण आपण फोडणीला वापरू. याही डब्यावर ताटली ठेवा.

आता लावायचं कसं. कुकरच्या तळाला जाळी, आणि पाणी जाळीच्या जेमतेम वर येईल इतकं, पाच लिटरच्या कुकरला ते अडीच ते तीन वाट्या भरतं. जास्त ओतलं तर खालचा डबा तरंगून कलंडतो आणि खडखड आवाज येत राहतो, कमी ओतलं तर शेवटी तळ कोरडा पडतो. याच पाण्यात लिंबाची पिळून झालेली साल किंवा चिंचेचा तुकडा टाका, जड पाण्याने ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा होतो तो होत नाही.

सगळ्यात खाली डाळ, मध्ये भात, वर वांगी. हा क्रम मनाचा नाही. एकदा पूर्ण दाब आला की वाफेचं तापमान वरखाली सारखंच असतं, पण दाब यायच्या आधीची जी सहा-सात मिनिटं असतात त्यात खालच्या डब्याचं बूड उकळत्या पाण्याला टेकलेलं असतं आणि वरचा डबा अजून कोमट असतो. डाळीला ही मिनिटं फुकटात मिळतात, आणि तिला त्यांची गरज पण सगळ्यात जास्त आहे. दुसरं असं की डाळ उतू गेलीच तर खाली तळाच्या पाण्यात जाते, भातावर पडत नाही. काही घरांत डाळ डब्यात न ठेवता सरळ कुकरच्या तळाशीच शिजवतात आणि त्यावर स्टँड ठेवून बाकीचे डबे लावतात. त्यात डाळ लवकर होते हे खरं, मोठ्या कुटुंबाला सोयीचंही आहे, पण पाणी कमी पडलं तर डाळ तळाला लागते आणि फेस उसळून झाकणाच्या भोकात जाऊन बसतो. चार माणसांसाठी डबाच बरा.

झाकण लावायच्या आधी दोन गोष्टी रोज बघा, रोज म्हणजे रोज. झाकणाचं वाफ जायचं भोक उजेडाकडे धरून बघायचं, आरपार दिसलं पाहिजे, दिसलं नाही तर काडीने किंवा पाण्याने साफ करायचं. आणि रबर, म्हणजे रिंग, बोटाने ताणून बघायची, कडक झालेली किंवा चिरलेली असेल तर बाजूने वाफ सुटत राहते, शिट्टी येत नाही आणि गॅस जळत राहतो. नवी रिंग टाकायला फार पैसे लागत नाहीत, ती ढकलत चालवण्यात काही अर्थ नाही.

गॅस मोठा करा. तुमच्या कुकरची शिट्टी वेगळी निघत असेल तर ती लगेच ठेवू नका, आधी भोकातून वाफेची सरळ जोरदार धार येऊ द्या, मग ठेवा. आतली हवा बाहेर जायला हवी, कारण हवा आत अडकली तर तापमान पूर्ण वर चढत नाही आणि वरचा डबा कच्चा राहतो. ज्या कुकरची शिट्टी झाकणालाच जोडलेली असते त्यात ही हवा पहिल्या शिट्टीसोबत निघून जाते. पहिली पूर्ण शिट्टी झाली की आच एकदम बारीक करायची आणि घड्याळ बघायचं, तिथून दहा मिनिटं.

शिट्ट्या मोजायच्या नाहीत. हे पटवून द्यायला थोडं सांगावं लागेल. शिट्टी म्हणजे दाब ठरलेल्या हद्दीवर गेला आणि जास्तीची वाफ बाहेर पडली, बाकी काही नाही. मोठ्या आचेवर त्याच पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे पाच शिट्ट्या या मापाला काही अर्थच उरत नाही. घरगुती कुकरात पूर्ण दाबाला आतलं तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं आणि तिथेच थांबतं, आच मोठी ठेवली म्हणून १३० होत नाही, फक्त वाफ जास्त उडते आणि त्या वाफेसोबत तुमचा गॅस. त्यामुळे दाब आल्यावर आच इतकीच ठेवायची की शिट्टी हलकी हलकी फुसफुसत राहील, मध्ये एखादी वाजली तरी ठीक. गॅसची खरी बचत दोन ठिकाणी होते, तीन भांडी तीनदा तापवावी लागत नाहीत तिथे, आणि ही आच बारीक करण्यात. डबे लावून मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या काढल्या तर अर्धी बचत हवेत गेली.

दहा मिनिटांनी गॅस बंद, आणि कुकर तसाच राहू द्या. हा वेळ फुकट जात नाही, आत शिजणं चालूच असतं, भात आपलं पाणी पूर्ण पिऊन घेतो आणि डाळ सुटी होते. बारा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात दुसऱ्या बाजूला भाकरी होतात, लसूण-आलं-जिरं खलबत्त्यात ठेचून होतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ओट्याजवळ कमीत कमी उभं राहायचं असतं, तेव्हा तर याची किंमत जास्तच कळते. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका. एक तर हात भाजतो. शिवाय आत डाळ १०० अंशांच्या वर तापलेली असते, दाब एकदम पडला की ती जागच्या जागी उसळते आणि डब्याबाहेर येते. दाब उतरला की नाही ते बघायचं असेल तर शिट्टी चमच्याने जराशी उचला, सूं आवाज आला तर सोडून द्या, काहीच आवाज नाही आला तर उघडा.

उघडल्यावर एकेक डबा बघा, तो तुम्हाला काय चुकलं ते स्वतःच सांगतो. चांगली शिजलेली डाळ दाण्याच्या रूपात दिसते पण पळी टेकवली की मोडते. पाणी वर वेगळं आणि दाणे खाली अख्खे दिसले तर भिजवण कमी पडलं किंवा पाणी जड होतं, उद्या दहाच्या जागी तेरा मिनिटं ठेवा, पण त्याआधी पाणी बदलून बघा. भात खाली मऊ आणि वरून कडक असेल तर पाणी कमी पडलं, वरून ओला आणि खाली ठीक असेल तर झाकण नीट बसलं नव्हतं. वांगी नीट, डाळ नीट पण भाताचा मधला भाग कच्चा असं झालं तर डबा जास्त भरलाय, तांदूळ शिजून तिप्पट होतो, म्हणून कोरडा तांदूळ डब्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको. आणि तळाचं पाणी पिवळं, फेसाळ दिसलं तर डाळ उतू गेलीय, त्या दिवशी झाकणाचं भोक नक्की धुऊन घ्या.

चालू कुकरातून करपल्याचा वास आला किंवा बराच वेळ शिट्टीचा आवाजच थांबला तर लगेच गॅस बंद करा. तळ कोरडा पडलेला असतो. तापलेल्या कोरड्या कुकरात गार पाणी ओतू नका, आपोआप गार होऊ द्या. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो त्याचं काम करतोय, त्याजागी त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह टाका, दुसरं काही खुपसून चालवू नका.

आता शेवटचं काम. डाळ रवीने घोटून त्यात लागेल तेवढं गरम पाणी, मीठ, वरून तूप किंवा लसूण-जिऱ्याची फोडणी. वांग्याच्या डब्यातलं जास्तीचं पाणी वाटीत काढून ठेवा, फेकू नका. वांगी आणि मिरच्या पळीने किंवा घोटणीने डब्यातच घोटा, अगदी पेस्ट नको, मध्ये मध्ये तुकडा लागला पाहिजे. कढईत दोन पळ्या तेल, मोहरी, जिरं, शेंगदाणे तांबूस होईपर्यंत, मग लसूण-आल्याचा ठेचा, तो करपू देऊ नका, आणि त्यावर घोटलेलं वांगं. आता खालच्या डब्यातली एक पळी शिजलेली डाळ यात टाका. तिने भाजी मिळून येते, तेल आणि पाणी वेगळं पडत नाही, आणि वेगळं दाण्याचं कूट घालायची गरज पडत नाही. घट्ट वाटली तर ते काढून ठेवलेलं वांग्याचं पाणी. पाच मिनिटं बारीक आचेवर, मीठ चाखून बघायचं कारण थोडं आधीच गेलंय, मग भरपूर कोथिंबीर.

ज्वारीच्या किंवा कळण्याच्या भाकरीसोबत ही भाजी, आणि मागून वरण-भात. संध्याकाळी हाच कुकर लावायचा असेल तर डाळ दुपारीच धुऊन भिजवा आणि पाणी काढून फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रिजमधली गार डाळ सरळ डब्यात गेली तर दाब यायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यात घालायचं दोन वाट्या पाणी कडक गरम घ्या.